आतला फोटो, बाहेरची चौकट

माझ्या वडिलांच्या हातचा मार न खाल्लेला माणूस आमच्या गावात शोधावा लागला असता. ते तालमीचे वस्ताद होते. मुखेडच्या पुढे, फाट्यावरून आत, मारुतीच्या देवळाला लागून त्यांची तालीम होती. पोरगं डाव चुकलं की कानाखाली, उशिरा आलं की पाठीत, आणि हरून आलं की मग काय, कुस्तीच्या हौद्याच्या मातीत तोंड दाबून धरायचे. श्वास कोंडून पाय झाडायला लागलं की सोडायचे आणि म्हणायचे, "आता कळलं हरणं काय असतंय?" घरी आले की तोच हात माझ्या मायवर पडायचा. भाकर करपली, पाणी गार नाही, काहीही निमित्त पुरायचं. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. सगळं गावच आबा म्हणायचं.

मी लग्न होऊन नांदेडला आले. माझ्या मालकांचं फोटो छापायचं आणि फ्रेम करायचं दुकान आहे. ते पट्टी कापतात, कोपरे जोडतात. मी ऑर्डरी घेते, फोटो सुधारते आणि मोबाइलवर गिऱ्हाइकांना पाठवायचा मजकूर लिहिते. तो मजकूर मी नेहमी चार भागांत लिहिते. फोटोचं, म्हणजे छापलेल्या कागदाचं माप वेगळं. फ्रेमचं बाहेरून बाहेरपर्यंतचं माप वेगळं. कागद कुठला ते वेगळं. आणि भिंतीवर लावायचं कसं ते वेगळं. मालक आधी हसायचे. म्हणायचे, "एवढं वाचतंय कोण?" पण भिंतीवरच्या दोन खिडक्यांच्या मध्ये फ्रेम मावली नाही की लोक दुकानात येऊन अंगावर धावून यायचे, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. एकाने तर लग्नाचा फोटो आमच्याच काउंटरवर आपटून फोडला होता. तेव्हापासून मालक हसायचे थांबले.

आबा गेले ते हौद्यातच. माती उकरताना बसले आणि उठलेच नाहीत. तेरावा होतो न होतो तोच तालमीवरून भांडण सुरू झालं.

एका बाजूला माझा धाकटा भाऊ. त्याचा जीव कुस्तीत कधीच रमला नाही. लहानपणी आबांनी त्याला लंगोट बांधून हौद्यात फेकलं होतं आणि तो रडला म्हणून सगळ्या पोरांसमोर लाथ घातली होती. पुढे तो बियाणं-खतांच्या दुकानात बसायला लागला, थोडंफार राजकारण करायला लागला. पण तालीम आबांची, म्हणजे आता आपली, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. दुसऱ्या बाजूला आबांचा थोरला पठ्ठा. आईबाप लहानपणीच गेलेले, तालमीतच झोपायचा, तालमीतच जेवायचा. आबांनी कुणाला सगळ्यांत जास्त मारलं असेल तर त्याला, आणि सगळे डाव कुणाला दिले असतील तर त्यालाच. आसपासच्या यात्रांमध्ये त्याच्याशी जोड लावायला पैलवान कचरायचे. मला तो अक्का म्हणायचा, माझा भाऊ म्हणायचा तसंच.

आधी कुलपावरून जुंपली. भावाने नवं कुलूप लावलं, पठ्ठ्याने ते मुद्गलाने ठेचून काढलं. मग आखाड्याच्या दारात भावाच्या मित्रांनी पठ्ठ्याच्या एका शागिर्दाचे दात पाडले. दुसऱ्याच दिवशी भावाच्या दुकानाची काच फुटली. मायने मला फोन केला तेव्हा एवढंच म्हणाली, "तुझा बाप मेला पण त्याचे हात हिंडून राहिलेत गावात."

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा भावाचा मला फोन आला. तालमीत आबांचा मोठा फोटो लावायचा होता, खांद्यावर गदा घेतलेला.

"लई मोठा पाहिजे अक्का. दारातून आत आलं की डोळ्यात भरला पाहिजे."

मी फोटो सुधारला आणि त्याला नेहमीसारखा मजकूर पाठवला. छापील फोटो चोवीस इंच बाय छत्तीस इंच. भोवती दोन इंच पांढरा माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची कड, त्यावर पाव इंच चढलेली दीड इंची सागवानी पट्टी, त्यामुळे फ्रेम बाहेरून साडेतीस बाय साडेबेचाळीस. कागद जाड, सुती, बिनचकाकीचा, म्हणजे दारातून आलेल्या उजेडात चेहरा झाकोळणार नाही. पुढे काच, पाठीमागे फळी, वजन दहा किलोच्या आसपास. मागे दोन्ही बाजूंना दोन कड्या. भिंतीत दोन भोकं पाडून, प्लास्टिकची गिट्टी ठोकून, दोन स्क्रूंवर लावायचा. एका खिळ्यावर टांगायचा नाही. हे शेवटचं वाक्य मी ठळक अक्षरात लिहिलं होतं, कारण तालमीची भिंत दगडाची असली तरी दगडांच्या मधला दर्जा, म्हणजे सांध्यातला भराव, मातीचा होता, ते मला ठाऊक होतं.

त्या मजकुरातली पहिली ओळ तेवढी भावाने उचलली आणि गावाच्या ग्रुपवर टाकली. आबांचा फोटो, चोवीस बाय छत्तीस. बस.

पुढे काय झालं ते मला वर्षश्राद्धाच्या दिवशी गावात पोहोचल्यावरच कळलं. ग्रुपवरचं वाचून पठ्ठा पेटला. वस्तादांचा फोटो एकट्या पोराने लावायचा तर आम्ही काय मेलो होतो? पुन्हा काठ्या निघायची वेळ आली तेव्हा गावातली चार जाणती माणसं मध्ये पडली. देवळाच्या पायरीवर बसून त्यांनी निवाडा केला. तालमीतल्या मारुतीच्या डाव्या अंगाला मुलाने दिलेला फोटो, उजव्या अंगाला शिष्याने दिलेला. दोन्ही फोटो एकाच मापाचे, चोवीस बाय छत्तीस. कुणाचा केसभर मोठा नाही, कुणाचा लहान नाही. दोघांनी मारुतीपुढे नारळ फोडून कबूल केलं.

पठ्ठा फोटोसाठी लातूरला गेला, कारण तिथल्या एका तालमीत त्याचे जुने सोबती होते. दुकानदाराला त्याने माप सांगितलं. त्या दुकानदाराने चोवीस बाय छत्तीस म्हणजे बाहेरून फ्रेम असं धरलं. त्यातही काही खोटं नव्हतं. कितीतरी दुकानं तसंच मोजतात. पण तीन इंची सोनेरी पट्टी लावल्यावर आत फोटोला जागा किती उरली हे त्याने सांगितलं नाही आणि पठ्ठ्याने विचारलं नाही. त्याने ग्रुपवर वाचलेला आकडा दिला होता आणि तोच आकडा पावतीवर छापून आला होता.

वर्षश्राद्धाच्या सकाळी मी आणि मालक गावात उतरलो. मालकांनी ड्रिल मशीन बरोबर घेतलं होतं. फोटो आदल्या दिवशीच टेम्पोतून पोहोचला होता आणि तो आम्हीच लावायचा असं फोनवर ठरलं होतं. तालमीच्या दारात पाऊल टाकलं आणि बघते तर फोटो वर. भावाच्या माणसांनी एक लांब खिळा दर्जात ठोकून, मागच्या कड्यांना तार बांधून टांगला होता.

"एका खिळ्यावर?" मालक म्हणाले.

"दाजी, आता पूजेचं होऊ द्या की. मग काय ते ठोका," भाऊ म्हणाला. त्याच्या अंगावर नवा पांढरा सदरा होता.

मी तालमीत याआधी कधी शिरले नव्हते. बायकांनी तिथं जायचं नसतं. लहानपणी दाराच्या फटीतून बघायचे आणि दिसले की मार खायचे. आत तेल, हळद आणि ताक पाजलेल्या मातीचा ओलसर वास होता. मारुतीच्या डाव्या अंगाला आबा होते, एवढे मोठे की मी पदर डोक्यावरून ओढून घेतला. मीच छापलेला फोटो होता, पण दुकानात टेबलावर तो कधी असा अंगावर आला नव्हता.

तेवढ्यात पठ्ठा आणि त्याची पोरं आली. दोघांनी फोटो धरला होता, वर लाल कापड. त्याने मारुतीला हात जोडले, कापड काढलं, आणि उजव्या अंगाला आधीच ठोकलेल्या खिळ्यावर स्वतः फोटो चढवला. मग मागे सरून त्याने दोन्हीकडे बघितलं.

सगळ्या तालमीला एकाच वेळी दिसलं. डावीकडचे आबा उजवीकडच्या आबांच्या जवळजवळ दीडपट होते. उजवीकडचा कागद चकचकीत होता, काचेला चिकटून बसलेला. दारातला उजेड त्यावर असा पडला होता की आबांचं अर्धं तोंडच दिसेना. सोनेरी पट्टी तेवढी झळकत होती.

कुणीतरी मागून फिसकन हसलं.

पठ्ठा हळूच म्हणाला, "नारळ फोडला होता आपण."

"हाव, फोडला होता," भाऊ म्हणाला. "चोवीस बाय छत्तीसच हाय माझा. अक्काला इचार."

"हे चोवीस बाय छत्तीस?" पठ्ठा ओरडला. "मला काय आंधळा समजून राहिलास?"

त्याच्या एका शागिर्दाने भावाच्या माणसाची गचांडी धरली. इकडून एकाने भिंतीला टेकवलेला फावडा उचलला. मी मध्ये घुसले. मालकांच्या हातातला टेप ओढून घेतला आणि ओरडले, "थांबा! दोघांचंही बरोबर हाय! मला मोजू तर द्या!"

का कोण जाणे, पण ते थांबले. मी स्टुलावर चढून आधी उजवीकडचा फोटो मोजला. फ्रेम बाहेरून चोवीस बाय छत्तीस. आत दिसणारा फोटो अठरा बाय तीस. मग डावीकडचा. आतला कागद चोवीस बाय छत्तीस, फ्रेम बाहेरून साडेतीस बाय साडेबेचाळीस.

"दादा, बघा," मी पठ्ठ्याला म्हणाले. "आम्ही आतला कागद मोजला, त्यांनी बाहेरची चौकट मोजली. आकडा एकच, पण मोजलंय वेगळं. कुणी फसवलं न्हाई. मी दुसरी फ्रेम करून देते, दोन्ही आतून सारखे, बाहेरून सारखे. आज दोन्ही उतरवू."

त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मग त्याने टेपचं टोक हातात धरून स्वतः एकदा मोजलं. पट्टीवरून बोट फिरवत आतल्या कडेला आणलं. त्याचे खांदे खाली आले.

"मंजी मला कळलं न्हाई," तो म्हणाला. "तुमचा मेसेज मी पुरता वाचलाच न्हाई अक्का. एकच ओळ आली होती."

तिथं ते मिटलं होतं. मी आजही शपथेवर सांगेन, मिटलं होतं. जाणती माणसं बूड टेकायला लागली होती.

आणि माझा भाऊ हसला. आयुष्यभर ज्या तालमीत त्याने लाथा खाल्ल्या, तिथं तो पहिल्यांदा जिंकला होता, आणि जिंकल्यावर गप्प कसं बसायचं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

"काय मोजून राहिलास?" तो म्हणाला. "पोराचा बाप मोठाच असतोय. फुकटच्या भाकरीवर वाढलेल्याच्या वाट्याला एवढाच यायचा."

पठ्ठ्याने टेप सोडला. तो माझ्या पायाशी सर्रकन गुंडाळला गेला.

मग त्याने भावाला धरलं. मी कुस्त्या लांबून पाहिल्या होत्या; हाडाचा आवाज जवळून ऐकला नव्हता. एका हाताने मान, एका हाताने मांडी, आणि भाऊ त्याच्या खांद्यावरून उडून डावीकडच्या फोटोखाली भिंतीवर गेला. आबांचाच डाव होता. खांदा दगडावर आपटला, काहीतरी कडकन मोडलं आणि भाऊ भिंतीच्या पायथ्याशी, हौद्याच्या मातीत पडला. मग सगळेच तुटून पडले. फावडा कुणाच्यातरी पाठीत बसला. एक पोरगं तोंड धरून रक्त थुंकत दाराकडे पळालं. मालकांनी मला ओढायला हात पुढे केला तर त्यांच्याच कानाखाली कुणीतरी वाजवली आणि त्यांचा चष्मा मातीत गेला. मी स्टुलाला धरून उभी होते आणि ओरडत होते, पण काय ओरडत होते ते आठवत नाही.

पठ्ठा भावाच्या छातीवर बसला होता. डाव्या हाताने त्याचं डोकं मातीत दाबत होता. भावाचे पाय झाडायला लागले. मला ते पाय माहीत होते. हा माणूस आता त्याला सोडणार नाही असं मला वाटलं. मी धावले, तेवढ्यात भाऊ तडफडला आणि त्याची टाच भिंतीला लागली, की त्याआधीच्या आपटण्यानेच दर्जा सुटला होता, ते कुणालाच सांगता यायचं नाही. खिळा मातीसकट बाहेर आला.

दहा किलोची फ्रेम सरळ खाली आली. पठ्ठ्याने वर बघितलं आणि उजवा हात आडवा धरला. स्वतःच्या डोक्यावर नाही. भावाच्या तोंडावर. हे मी पाहिलं आहे. खालची कड त्याच्या हातावर आदळली, काच फुटली आणि तिचा एक लांब तुकडा कोपराखाली हाडापर्यंत घुसला.

क्षणभर काहीच आलं नाही. मग रक्त उडालं. हौद्याच्या मातीवर, भावाच्या पांढऱ्या सदऱ्यावर, माझ्या तोंडावर. आबांच्या फोटोवरून ते ओघळत होतं आणि तो सुती कागद ते पीत होता.

मी हौद्यात उतरले. चपलांसकट. कुणी अडवलं नाही. पदर फाडून मी त्याच्या दंडाला आवळला, मालकांनी टेपची पट्टीच वरून गुंडाळून पिळली. त्याची बोटं लोंबत होती. तो एकटक आपल्या बोटांकडे बघत होता आणि म्हणत होता, "हालत न्हाईत अक्का. हालत कामून न्हाईत?"

दोघांनाही एकाच जीपमध्ये घातलं. भाऊ मागे आडवा, मानेपासून खांदा तुटून खाली लोंबल्यासारखा. पठ्ठा माझ्या मांडीवर डोकं टेकून. नांदेडपर्यंत खड्डा आला की भाऊ किंचाळायचा, आणि मग पठ्ठा डोळे न उघडता ड्रायव्हरला म्हणायचा, "हळू घे ना रे."

भावाचं गळपट्टीचं हाड सांधलं. पठ्ठ्याच्या हाताच्या शिरा डॉक्टरांनी जोडल्या, पण बोटं हलवणारी नस पूर्ण तुटली होती. अंगठा आणि दोन बोटं परत आलीच नाहीत. चमचा धरता येतो, माणूस धरता येत नाही. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा मी पलंगाशेजारी होते. त्याने सांगितलं, "फोटो पडला. खिळा कच्चा होता." भावाने, पलीकडच्या वॉर्डात, पठ्ठ्याने काय सांगितलं ते आधी मला विचारून घेतलं आणि तेच सांगितलं.

मी बरेच दिवस दुकानात गेले नाही. काच कापायचा आवाज घरापर्यंत आला की मी दार लावून घ्यायचे. मालकांनी एकट्याने काम रेटलं.

दिवाळीनंतर पठ्ठा स्वतःच दुकानात आला. काउंटरवर डावा हात ठेवून उभा राहिला.

"तालमीत फोटो पाहिजे अक्का. एकच. तुमच्या भावाशी बोललो मी. तो म्हणला, तू लाव, मला त्यात न्हाई पडायचं."

"आणि तालीम?"

"चावी दिली त्याने. हातात न्हाई दिली, दारातल्या पिंपाखाली ठेवून गेला. पोरं येऊन राहिलीत पुन्हा. डाव सांगता येतो मला, दावता येत न्हाई."

मी विचारलं, काच नको ना? तो म्हणाला, नको. मग मी कॅनव्हासवर छापला. लाकडी चौकटीवर ताणला, पुढे काच नाही, वजन दोन-तीन किलो. त्यामुळे फोटोचं माप आणि बाहेरचं माप एकच झालं, भोवती काही उरलंच नाही. लावायला आम्हीच गेलो. या खेपेला मालकांनी दर्जा सोडून दगडातच चार भोकं पाडली, भिंतीवर आडवी पट्टी बसवली आणि फोटोच्या मागची पट्टी तिच्यात अडकवली. पठ्ठा खाली उभा राहून बघत होता. फोटो बसल्यावर त्याने तो डाव्या हाताने हलवून बघितला, जोर लावून. हलला नाही.

परत येताना घरी थांबलो. माझ्याकडे छापून उरलेला एक लहानसा नमुना होता, आठ बाय दहाचा, चांगल्या कागदावर. म्हटलं मायला द्यावा, देवघराच्या भिंतीला लावता येईल. तिने हात पदराला पुसून तो घेतला, उजेडात धरला, बराच वेळ बघितला. मला वाटलं रडेल.

"लई चांगला काढलास," ती म्हणाली, आणि परत माझ्या हातात दिला. "पण माझ्या भिंतीला नगं. वर्ष झालं, सुखानं जेवून राहिले मी."

मी तो पिशवीत टाकला. तिने आम्हाला चहा केला, मालकांना आग्रह करून चिवडा वाढला आणि भावाच्या खांद्याला थंडीत अजून कळ येते का ते विचारत बसली.